दहा आकडे, दोन खाती: ई-एमची एक फेरी हाताने

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. बी.एस्सी. होऊन सोळा वर्षं झाल्यावर, जून २०२३ मध्ये, बहिःस्थ म्हणून एम.एस्सी. संख्याशास्त्राला नाव घातलं. शनिवार-रविवारी तास, बाकीचे दिवस काउंटर. वर्गातली बाकीची पोरं माझ्या निम्म्या वयाची, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी सगळ्यांची ‘ताई’ झाले.

१४ जानेवारी २०२४ ला दुसऱ्या सत्राच्या प्रॅक्टिकलची यादी हातात पडली. बारा प्रॅक्टिकल होती आणि सातव्या क्रमांकाला लिहिलं होतं: ‘दोन नॉर्मल समूहांच्या मिश्रणासाठी ई-एम अल्गोरिदम. एक आवर्तन हाताने करा. लाइकलीहूड वाढल्याचे दाखवा.’ ई-एम म्हणजे एक्स्पेक्टेशन-मॅक्सिमायझेशन: कुठला आकडा कुठल्या समूहातला हे माहीत नसताना, अंदाज आणि सुधारणा आलटून पालटून करत समूहांच्या किमती काढायची रीत. लाइकलीहूड म्हणजे धरलेल्या किमती हातातल्या आकड्यांना किती जुळतात त्याचं माप. खाली टीप: प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर चालणार नाही. माझा जुना कॅल्क्युलेटर मुलाने दहावीत वापरून संपवलेला, म्हणून साधा सायंटिफिक आणला, १,२५० रुपये. सोबत संख्याशास्त्रीय कोष्टकांची पुस्तिका ६० रुपये आणि जर्नल ९० रुपये. पुढे कळलं की पुस्तिकेचे ६० रुपये वाचले असते, उलट तिनेच माझा एक आठवडा खाल्ला.

हे प्रॅक्टिकल पुस्तकात दीड पानाचं असतं, पण मला ते कळायला तीन आठवडे लागले. जिथे जिथे अडखळले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आकडे कुठले

दहा आकडे दिले होते: ७९, ५४, ७४, ६२, ८५, ५५, ८८, ८५, ५१, ८५. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. एक उद्रेक झाला की पुढच्यासाठी किती मिनिटं थांबावं लागलं, त्याच्या नोंदी आहेत. आर या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालीत `faithful` नावाने २७२ नोंदी मिळतात, त्यातल्या या पहिल्या दहा.

हे उदाहरण निवडण्याला कारण आहे. तिथले उद्रेक ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. लहान उद्रेकात जमिनीखालची नळी फारशी रिकामी होत नाही, म्हणून पुढचा उद्रेक लवकर येतो. मोठ्या उद्रेकानंतर पाणी भरून तापायला जास्त वेळ लागतो. म्हणून थांबण्याच्या वेळांचे दोन ढीग पडतात, एक पंचावन्नच्या आसपास आणि दुसरा ऐंशीच्या आसपास. प्रश्नपत्रिकेत मात्र उद्रेक लहान की मोठा हे लिहिलेलं नव्हतं, फक्त मिनिटं होती. हरवलेली माहिती ती हीच: कुठला आकडा कुठल्या ढिगातला.

सुरुवातीच्या किमती प्रश्नातच होत्या. पहिल्या समूहाची सरासरी ५५, दुसऱ्याची ८०, दोन्हींची एसडी, म्हणजे प्रमाण विचलन, १० आणि दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा.

पहिला प्रयत्न, आणि कोष्टकाने केलेला घात

त्या रविवारी रात्री मी बसले ती सरळ वाटणी करूनच. ५४, ६२, ५५, ५१ एका बाजूला, उरलेले सहा दुसऱ्या बाजूला. सरासऱ्या आल्या ५५.५ आणि ८२.६७. झालं की, म्हणून झोपले. पुढच्या शनिवारी वर्गातल्या एका मुलाला दाखवलं. तो म्हणाला, “ताई, हे ई-एम नाही. तुम्ही ६२ ला पूर्ण इकडे टाकलंत. त्याला विचारलंत का?”

मुद्दा तोच होता. ६२ हा ५५ पासून ७ मिनिटं लांब आहे आणि ८० पासून १८. जवळचा पहिला समूह, हे खरं. पण एसडी १० असताना ८० वाल्या समूहातूनही कधीमधी ६२ येऊ शकतो. ई-एमची पहिली पायरी, ई-स्टेप, एवढंच करते की प्रत्येक आकड्याचा एक रुपया दोन खात्यांत विभागते. किती पैसे कुठे, ते दोन समूहांच्या वक्राची त्या जागेवरची उंची ठरवते:

```
r = 0.5·f1(x) / (0.5·f1(x) + 0.5·f2(x))
```

इथे `f1` आणि `f2` म्हणजे त्या दोन उंच्या, `r` म्हणजे पहिल्या खात्यातला वाटा, दुसऱ्यातला `1 − r`. पुस्तकं याला ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणतात. मी जर्नलमध्ये ‘वाटा’ लिहिलं आणि कोणी हरकत घेतली नाही.

आता उंची काढायची म्हणून मी ६० रुपयांची पुस्तिका उघडली, नॉर्मलचं कोष्टक काढलं, z, म्हणजे सरासरीपासूनचं अंतर भागिले एसडी, काढून आकडे उतरवले आणि वाटे काढले. तीन संध्याकाळी गेल्या. उत्तरं विचित्र यायला लागली: ५१ चा पहिल्या खात्यातला वाटा ५५ पेक्षा वेगळा येणं ठीक, पण ५० आणि ६० सहज तपासून पाहिले तेव्हा पहिल्या समूहासाठी दोन्हींची ‘उंची’ वेगळी आली. ५५ पासून दोन्ही पाच मिनिटांवर, वक्र दोन्हीकडे सारखा, मग उंची वेगळी कशी? तेव्हा ट्यूब पेटली. कोष्टकातले आकडे उंचीचे नव्हते, क्षेत्रफळाचे होते, म्हणजे त्या बिंदूपर्यंतची संभाव्यता. बहुतेक पुस्तिकांत नॉर्मलचं पहिलं कोष्टक क्षेत्रफळाचंच असतं आणि उंचीचं असलंच तर मागे कुठेतरी. ओळखायचं असेल तर z = ० समोर पाहा. ०.५००० (किंवा ०.००००) असेल तर क्षेत्रफळ, ०.३९८९ असेल तर उंची.

३ फेब्रुवारी: मॅडमनी दाखवलेली आडवाट

३ फेब्रुवारीला शनिवारच्या तासानंतर मॅडमना गाठलं. त्यांच्या केबिनबाहेर पाऊण तास थांबावं लागलं, आत कोणाचा तरी प्रबंध चालला होता. माझ्या वहीत वीस उंच्यांची दोन पानं होती. मॅडमनी ती पाहिली आणि म्हणाल्या, “अहो, एवढं कशाला? दोन्ही एसडी सारख्या आहेत ना? मग भागाकार करा, वर्ग उडून जातो.”

खरंच जातो. दोन उंच्यांचं गुणोत्तर घेतलं की घातांकातले x² एकमेकांना खातात आणि मागे साधी रेषा उरते:

```
r = 1 / (1 + exp(0.25·(x − 67.5)))
```

६७.५ म्हणजे ५५ आणि ८० चा मध्य. ०.२५ म्हणजे सरासऱ्यांतलं अंतर २५ भागिले एसडीचा वर्ग १००. प्रत्येक आकड्यासाठी एक वजाबाकी, एक गुणाकार आणि कॅल्क्युलेटरचं `eˣ` बटण एकदा, बस. ही आडवाट फक्त पहिल्या फेरीला लागू पडते, कारण हिस्से निम्मे आणि एसडी सारख्या तेव्हाच असतात. हिस्से वेगळे झाले तर त्यांच्या गुणोत्तराचा लॉग मिळवावा लागतो. एसडी वेगळ्या झाल्या तर वर्ग परत येतो आणि मग वीस उंच्यांना पर्याय नाही.

६२ चं उदाहरण पूर्ण लिहिते. ६२ − ६७.५ = −५.५. त्याला ०.२५ ने गुणून −१.३७५. e चा तो घात ०.२५२८. एक भागिले १.२५२८ म्हणजे ०.७९८२. म्हणजे ६२ चे जवळपास ८० पैसे पहिल्या खात्यात आणि २० पैसे दुसऱ्या. ६२ ला पूर्ण एका खात्यात टाकून मोकळं होणं आणि हे, यात फरक किती पडतो ते पुढे दिसेल.

त्याच रात्री बसून सगळे दहा केले. चार दशांश ठेवले.

| x | ०.२५(x − ६७.५) | वाटा r | r × x |
|---|---|---|---|
| ७९ | २.८७५ | ०.०५३४ | ४.२१८६ |
| ५४ | −३.३७५ | ०.९६६९ | ५२.२१२६ |
| ७४ | १.६२५ | ०.१६४५ | १२.१७३० |
| ६२ | −१.३७५ | ०.७९८२ | ४९.४८८४ |
| ८५ | ४.३७५ | ०.०१२४ | १.०५४० |
| ५५ | −३.१२५ | ०.९५७९ | ५२.६८४५ |
| ८८ | ५.१२५ | ०.००५९ | ०.५१९२ |
| ८५ | ४.३७५ | ०.०१२४ | १.०५४० |
| ५१ | −४.१२५ | ०.९८४१ | ५०.१८९१ |
| ८५ | ४.३७५ | ०.०१२४ | १.०५४० |
| बेरीज | | ३.९६८१ | २२४.६४७४ |

वजाचं चिन्ह विसरलात तर लगेच दिसतं: लहान आकड्यांना लहान वाटा यायला लागतो. आणि दुसऱ्या खात्यासाठी वेगळा रकाना काढू नका. एकातून वजा केलं की झालं.

वाट्यांची बेरीज ३.९६८१. याचा अर्थ दहा आकड्यांपैकी ‘सुमारे चार’ पहिल्या समूहातले, पण कुठले चार हे न ठरवता. हा विचार पचायला मला वेळ लागला. आमच्याकडे एखादी ठेव निम्मी नवऱ्याची, निम्मी बायकोची असते तेव्हा आम्ही दोघांच्या नावावर निम्मी-निम्मी दाखवतो. ती कोणाची ‘खरी’ असं विचारत बसत नाही. तसंच घेतलं तेव्हा हात चालू लागला.

एम-स्टेप, आणि दहाने भागण्याची खोड

आता त्या वाट्यांवरून नव्या किमती, हीच दुसरी पायरी, एम-स्टेप. पहिल्या समूहाचा हिस्सा ३.९६८१ भागिले १०, म्हणजे ०.३९६८. दुसऱ्याचा ०.६०३२.

नवी सरासरी काढताना मी सवयीने २२४.६४७४ ला १० ने भागलं. उत्तर २२.४६. दहा आकड्यांत सगळ्यात लहान ५१ असताना सरासरी २२? भागायचं असतं वाट्यांच्या बेरजेने, कारण त्या खात्यात आकडे दहा नाहीत, ३.९६८१ च आहेत. २२४.६४७४ ÷ ३.९६८१ = ५६.६१.

दुसऱ्या समूहासाठी रकाना नकोच. दहांची बेरीज ७१८. त्यातून २२४.६४७४ गेले, राहिले ४९३.३५२६. त्याला ६.०३१९ ने भागून ८१.७९.

इथे मला पहिला ताळा मिळाला. नव्या सरासऱ्यांना नव्या हिश्श्यांनी गुणून बेरीज केली की मूळ दहांची सरासरी, ७१.८, परत यायलाच हवी. ०.३९६८ × ५६.६१ आणि ०.६०३२ × ८१.७९ मिळून ७१.८० येतात. हे प्रत्येक फेरीनंतर खरं असतं. मात्र दुसरी सरासरी वजाबाकीने काढली असेल तर हा ताळा आपोआपच जुळतो, वाटे चुकले असले तरी. म्हणून खरा उपयोग दोन्ही रकाने स्वतंत्र केले असतील तेव्हाच.

व्हेरिअन्समध्ये, म्हणजे एसडीच्या वर्गात, मी आणखी एकदा पडले. प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर, त्याचा वर्ग, गुणिले वाटा, सगळ्यांची बेरीज, भागिले वाट्यांची बेरीज. हे बरोबर. पण अंतर कुठल्या सरासरीपासून? मी ५५ पासून घेतलं, कारण वहीत तेच आकडे तयार होते. घ्यायचं असतं नव्या सरासरीपासून, ५६.६१ पासून. जुनीपासून घेतलं तर व्हेरिअन्स दोन सरासऱ्यांतल्या फरकाच्या वर्गाएवढा, म्हणजे १.६१ च्या वर्गाएवढा, फुगतो: ४४.२४ ऐवजी ४६.८४. आकडा इतका साधा दिसतो की नुसत्या नजरेने चूक कळत नाही.

नव्या सरासरीपासून केल्यावर पहिल्या समूहाची बेरीज १७५.५४ आली, ती भागिले ३.९६८१ म्हणजे ४४.२४, एसडी ६.६५. दुसऱ्या समूहाची बेरीज २७६.८२, भागिले ६.०३१९ म्हणजे ४५.८९, एसडी ६.७७. वाट्यांच्या बेरजेतून एक वजा करायचं नाही. नमुन्याच्या व्हेरिअन्सची ती सवय इथे चालत नाही, कारण आपण लाइकलीहूड सर्वांत मोठा करतो आहोत.

या पायरीला दुसरा ताळा आहे आणि तो पहिल्यापेक्षा कडक आहे. दहा आकड्यांची ७१.८ पासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १९६९.६ आहे, वाट्यांशी तिचा काही संबंध नाही. हीच रक्कम दोन तुकड्यांतून उभी राहायला हवी. समूहांच्या आतली: १७५.५४ आणि २७६.८२, मिळून ४५२.३६. समूहांमधली: ३.९६८१ गुणिले (५६.६१ − ७१.८) चा वर्ग, अधिक ६.०३१९ गुणिले (८१.७९ − ७१.८) चा वर्ग, मिळून १५१७.२४. एकूण १९६९.६०. मार्चअखेरीला लेजर जुळल्यावर जे वाटतं तेच वाटलं. जुन्या सरासरीची चूक हा ताळा ताबडतोब पकडतो. पकडलीच, म्हणून तर मला कळलं.

आता ते सुरुवातीचं: सरळ वाटणीत सरासऱ्या ५५.५ आणि ८२.६७ होत्या, वाट्यांनी ५६.६१ आणि ८१.७९ आल्या. दोन्ही एकमेकींकडे सरकल्या, कारण ७४ चे १६ पैसे पहिल्या खात्यात येऊन सरासरी वर ओढतात आणि ६२ चे २० पैसे दुसरी खाली ओढतात. एसडीत फरक जास्त दिसतो. सरळ वाटणीत पहिल्या समूहाची एसडी ४.०३ होती, इथे ६.६५. सुरुवातीला एसडी १० धरल्यामुळे वाटे सैल पडले. पुढच्या फेरीत ते आवळतात. नव्या किमतींनी मी फक्त ६२ आणि ७४ चे वाटे पुन्हा काढून पाहिले: ६२ चा पहिल्या खात्यातला वाटा ०.७९८ वरून ०.९७२ झाला आणि ७४ चा ०.१६५ वरून ०.०४१.

२ मार्च: जर्नल परत

२ मार्चला जर्नल जमा केलं. आठ दिवसांनी लाल शेरा घेऊन परत आलं: ‘लाइकलीहूड?’ मी तो भागच विसरले होते. मार्च म्हणजे आमच्याकडे वर्षअखेर, रात्री नऊपर्यंत पतसंस्थेत. शेवटी दोन रविवार काढले.

लॉग-लाइकलीहूड म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी मिश्रणाची उंची, तिचा लॉग आणि दहांची बेरीज. इथेही एक सोय आहे. मिश्रणाची उंची म्हणजे वाट्याच्या सूत्रातला छेद, त्यामुळे `0.5·f1(x)` ला `r` ने भागलं की ती हातात येते. वाटा अगदी लहान असेल, जसा ८८ चा, तर चार दशांशांत तो खूप खडबडीत असतो, म्हणून तिथे दुसऱ्या समूहाकडून, `1 − r` ने भागून काढायचं. सुरुवातीच्या किमतींवर बेरीज आली −३९.७६. नव्या किमतींवर −३७.२०. वाढली. दुसऱ्या बेरजेला आडवाट नाही, कारण आता एसडी वेगळ्या आहेत. मला अडीच तास लागले.

ही वाढ नशिबाची नाही. डेम्प्स्टर, लेअर्ड आणि रुबिन यांनी १९७७ च्या लेखात या पद्धतीला नाव दिलं आणि कुठल्याही फेरीत लाइकलीहूड कमी होत नाही हे सर्वसाधारणपणे दाखवलं. म्हणून हाताने करताना बेरीज घटली, तर अल्गोरिदमला दोष देऊ नका, वहीत चूक शोधा. मात्र ‘कमी होत नाही’ म्हणजे ‘सर्वोत्तम उत्तरापर्यंत पोचते’ असं नव्हे. त्या लेखातल्या अभिसरणाच्या सिद्धतेत खोट होती, ती वू यांनी १९८३ मध्ये दुरुस्त केली.

१८ एप्रिल: परीक्षा आणि तोंडी

परीक्षा १८ एप्रिलला. पतसंस्थेतून बिनपगारी रजा. वेळ तीन तास, त्यात तीन प्रॅक्टिकल, आणि चिठ्ठीत मला हेच आलं, वेगळे आठ आकडे घालून. दोन्ही ताळे मी कच्च्या कामाच्या रकान्यात लिहिले. ते लिहा, कारण तपासणाऱ्याला त्यावरून कळतं की मधला एखादा आकडा चुकला तरी तुम्हाला रीत माहीत आहे.

तोंडीला बाहेरून आलेले सर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “दोन्ही सरासऱ्या ७० घेऊन सुरुवात केली तर? एसडी सारख्याच.” मी दोन मिनिटं गप्प. मग लक्षात आलं की दोन्ही वक्र एकच झाले, त्यामुळे प्रत्येक आकड्याचा वाटा निम्मा. मग आपल्या दहा आकड्यांवर दोन्ही नव्या सरासऱ्या ७१.८, दोन्ही व्हेरिअन्स सारखे, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच. जन्मभर तिथेच. लाइकलीहूड घटत नाही, पण वाढतही नाही.

दुसरा प्रश्न मला उलगडला नाही. “दुसऱ्या समूहाची सरासरी ८५ आणि एसडी अर्धा मिनिट घेतली तर?” मी म्हटलं, “जरा निमुळता वक्र येईल.” सर हसले आणि म्हणाले, “घरी करून बघा.”

केलं. पहिल्या समूहाला ७० सरासरी आणि १० एसडी दिली, हिस्से निम्मे. आपल्या दहा आकड्यांत ८५ तीनदा आहे, कारण नोंदी पूर्ण मिनिटांत आहेत. तो निमुळता समूह तिन्ही ८५ ना धरतो, प्रत्येकाचा वाटा ०.९८. शेजारचा ८८ सहा एसडी लांब, त्याचा वाटा दशलक्षात दीड. बाकीचे शून्यच. मग नवी सरासरी ८५, आणि नवी एसडी? ०.५ वरून एकाच फेरीत ०.००२. पुढे ती शून्याकडे पळते आणि लाइकलीहूड अनंताकडे. म्हणजे एसडी मोकळ्या सोडल्या की या मिश्रणाला खरं तर ‘सर्वांत मोठा’ लाइकलीहूड नसतोच. आपण जे शोधतो ते त्यातलं शहाणं, स्थानिक शिखर असतं. संगणकावर हे झालं तर एखादी एसडी संशयास्पद लहान आणि लाइकलीहूड अचानक उडी मारलेला दिसतो. उपाय साधे आहेत: दोन्ही एसडी सारख्या धरा, किंवा एसडीला खालची मर्यादा घाला, किंवा वेगवेगळ्या जागांवरून सुरुवात करून पाहा.

निघताना सरांनी पिअर्सनबद्दल सांगितलं. १८९४ मध्ये कार्ल पिअर्सननी नेपल्सच्या खेकड्यांच्या मापांवर, वेल्डन यांनी गोळा केलेल्या, हेच दोन नॉर्मलचं मिश्रण बसवलं होतं. ई-एम नव्हतं, म्हणून त्यांनी मोमेंट्स जुळवल्या आणि नवव्या घाताचं समीकरण हाताने सोडवलं. माझी अडीच तासांची कुरकुर मी तिथेच गिळली.

निकालानंतर

निकाल ९ जुलैला लागला, पास. गुणपत्रिकेची प्रत्यक्ष प्रत मिळायला आणखी पाच आठवडे आणि दोन फेऱ्या. दुसऱ्या खेपेला ओळखपत्राची झेरॉक्स मागितली, ती पहिल्या खेपेला कोणी सांगितली नव्हती. जाताना दोन प्रती घेऊनच जा.

दरम्यान वर्गातल्या त्या मुलाने लॅपटॉपवर आर उघडून दिलं आणि माझी फेरी तपासली:

```r
x <- faithful$waiting[1:10]
a <- 0.5 * dnorm(x, 55, 10)
b <- 0.5 * dnorm(x, 80, 10)
r <- a / (a + b)
sum(r * x) / sum(r)
```

उत्तर ५६.६१४. माझं चार दशांशांचं ५६.६१३. सगळ्या २७२ नोंदी देऊन शेवटपर्यंत चालवलं तेव्हा सरासऱ्या ५४.६ आणि ८०.१, दोन्ही एसडी ५.८७ च्या आसपास, आणि पहिल्या समूहाचा हिस्सा ०.३६ आला.

मग तो म्हणाला, “ताई, दुसरा रकाना बघायचाय का?” त्या माहितीत थांबण्याच्या वेळेशेजारी आधीच्या उद्रेकाचा कालावधीही आहे, मिनिटांत. प्रश्नपत्रिकेत तो काढून टाकला होता. मी आधी ६२ ची ओळ पाहिली. २.२८३, म्हणजे लहान उद्रेक. ७४ समोर ३.३३३, मोठ्यांतला सगळ्यात छोटा. ५४ समोर १.८, ५१ समोर १.९५. आणि ५५ समोर २.८८३. लहानांतला सगळ्यात लांबलेला उद्रेक तो, दोन ढिगांच्या जवळजवळ मध्ये पडणारा. मी तीन आठवडे ६२ वर डोकं खाजवत होते आणि ५५ ला ०.९५७९ देऊन पुढे गेले होते.